आठांत एक नापास पाहिजेच!

बॉस झालेल्या माणसाने एकटं वाटल्याची तक्रार केली की त्याच्या तोंडावर एक वाक्य फेकलं जातं: शिखरावर माणूस एकटाच असतो. मला हे वाक्य ट्रेनिंगमध्ये ऐकवलं गेलं, घरी ऐकवलं गेलं, आणि लिंक्डइनवर तर सूर्योदयाच्या फोटोसकट रोज ऐकवलं जातं. माझा पहिला प्रश्न असा, की कुठलं शिखर? मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड झाले तेव्हा माझा मजला बदलला नाही, खुर्ची बदलली नाही, लॅपटॉपसुद्धा तोच राहिला. पगार ११ टक्क्यांनी वाढला. माझ्याच टीममध्ये जरा बरं रेटिंग मिळालेल्या दोघांचीही त्या वर्षी तेवढीच वाढ झाली. हिला शिखर म्हणायचं, तर पर्वतीला एव्हरेस्ट म्हणावं लागेल.

एकटेपणा मात्र खरा होता. काल ज्यांच्याबरोबर टपरीवर उभं राहून मॅनेजरला शिव्या घातल्या, त्यांचीच मॅनेजर झाल्यावर येतो तो. या एकटेपणाला उंची कारण नसते. माझ्यासारख्या नवख्या लीडला काही गोष्टी माहीत करून दिल्या जातात आणि त्या कुणालाही सांगू नकोस असं बजावलं जातं. एकटेपणा तिथून येतो. ती गुपितं माझ्या सोयीची नसतात, टीमच्याही नसतात. ती कंपनीच्या सोयीची असतात. म्हणून यावर 'मन घट्ट कर', 'अंतर ठेवायला शीक', 'मेडिटेशन कर' असले उपाय सुचवणं म्हणजे छत गळतंय म्हणून घरातल्यांना रेनकोट वाटण्यासारखं आहे.

आधी दोन प्रकारची अंतरं वेगळी करू. एक अंतर कामातून येतं, आणि ते मला मान्य आहे. लीड झाल्यावर पहिल्या आठवड्यातच माझं 'अगं' गेलं आणि 'मॅम' आलं. आधी चेष्टेत आलं, मग चेष्टा गेली आणि मॅम उरलं. आमच्या सहा जणांच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाचे केक आणि गुड मॉर्निंगची फुलं तेवढी यायला लागली. म्हणजे खरा ग्रुप दुसरीकडे सुरू झाला होता आणि त्यात मी नव्हते. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. मॅनेजरबद्दल मॅनेजरच्या पाठीमागे बोलता येणं हा नोकरदाराचा मूलभूत हक्क आहे, आणि तो मी स्वतः सहा वर्षं मनसोक्त वापरला आहे.

याच अंतराचं दुसरं उदाहरण गणपतीच्या रजेचं. आमचा क्लायंट अमेरिकेत. त्याला चतुर्थी कळत नाही. आठांपैकी किमान तिघं कामावर हवेत, आणि रजा सहा जणांना हवी. त्यातल्या चौघांची घरं कोकणात, म्हणजे दोन दिवस तर जाण्यायेण्यातच जाणार. आधी हाच प्रश्न आम्ही टपरीवर सोडवायचो: या वर्षी तू जा, दिवाळीत मी जाईन. आता तोच हिशोब केला, तरी 'तिने रजा नाकारली' असं झालं. मग मी मागच्या तीन वर्षांत गणपतीत कोण थांबलं होतं, दिवाळीत कोण थांबलं होतं, याचा तक्ता काढला आणि टीमच्या फळ्यावर लावला. ज्याची रजा नाकारली, त्याला का नाकारली ते फळ्यावर दिसत होतं, आणि बाकीच्या सगळ्यांनाही दिसत होतं. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला. दिवाळीत त्याला आठवडाभर रजा मिळाली आणि विषय संपला.

निर्णय कडू असला तरी त्याचं कारण सगळ्यांसमोर मांडता आलं की अंतर पडतं आणि भरूनही येतं. त्याने कुणाची झोप उडत नाही. झोप उडते ती दुसऱ्या प्रकारच्या अंतराने, आणि त्याची सुरुवात माझ्याकडे फेब्रुवारीत आलेल्या एका एक्सेल शीटने झाली.

शीटमध्ये माझ्या टीममधल्या आठ जणांची नावं होती आणि खाली चार आकडे: एक, दोन, चार, एक. म्हणजे वार्षिक अप्रेझलमध्ये एकाला सर्वोच्च रेटिंग द्यायचं, दोघांना त्याखालचं, चौघांना मधलं, आणि एकाला सर्वांत खालचं. कंपनीभर ठरलेलं प्रमाण १०, २५, ५५ आणि १० टक्के. ते आठ माणसांवर बसवलं की एक, दोन, चार, एक. यालाच बेल कर्व्ह म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी याचं एक कडक रूप प्रसिद्ध केलं होतं: वरचे २०, मधले ७०, खालचे १०, आणि खालच्या दहांना बाहेरचा रस्ता. मायक्रोसॉफ्टने अशी पद्धत अनेक वर्षं वापरून २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडे कित्येक ठिकाणी ती आजही चालू आहे, कधी नाव बदलून, कधी 'फक्त मार्गदर्शक तत्त्व आहे हं' असं म्हणून.

आता हे गणित नीट बघा. त्यासाठी बारावीच्या पुस्तकापेक्षा जास्त काही लागत नाही. कंपनीचं म्हणणं अगदी खरं धरू, की एकूण कर्मचाऱ्यांपैकी दहा टक्के खरोखरच कमी पडतात आणि ते वेगवेगळ्या टीममध्ये कसेही विखुरलेले आहेत. मग कुठल्याही एका माणसाने कमी पडणारा नसण्याची शक्यता ०.९. आठही जण तसे नसण्याची शक्यता काढायला ०.९ आठ वेळा घेऊन गुणाकार करायचा. उत्तर येतं सुमारे ०.४३. म्हणजे आठ-आठ जणांच्या शंभर टीम असतील, तर साधारण ४३ टीममध्ये कमी पडणारा माणूस मुळात नाहीच. बरोबर एकच असेल अशा टीम ३८. दोन किंवा त्याहून जास्त असतील अशा १९.

शीट मात्र शंभरच्या शंभर टीमना सांगते, की बरोबर एक काढा. कंपनीचंच गृहीतक धरलं, तरी हा हुकूम शंभरपैकी ६२ टीमच्या बाबतीत खोटा आहे. ४३ ठिकाणी लीडला चांगल्या माणसाला नापास करावं लागतं आणि १९ ठिकाणी कमी पडणाऱ्याला पास करावं लागतं. हजारो माणसांच्या गर्दीला लागू पडणारं प्रमाण एका जेवणाच्या टेबलावर मावणाऱ्या आठ जणांवर लादलं, की असं होतं. जेवढी टीम छोटी तेवढं खोटं मोठं. आणि सर्वांत छोट्या टीम कुणाकडे असतात? पहिल्यांदा लीड झालेल्यांकडे.

यात पैसा कसा अडकलेला असतो तेही बघू. हिशोब सोपा जावा म्हणून धरा, की आठही जणांचा पगार महिना ७०,००० आहे. एकूण ५,६०,०००. पगारवाढीसाठी त्याच्या आठ टक्के, म्हणजे महिना ४४,८०० रुपये मंजूर झाले. सर्वोच्च रेटिंगवाल्याला १४ टक्के, ९,८००. त्याखालच्या दोघांना ११ टक्के, प्रत्येकी ७,७००. मधल्या चौघांना सात टक्के, प्रत्येकी ४,९००. बेरीज करा: ९,८०० अधिक १५,४०० अधिक १९,६००. बरोबर ४४,८००. पैसे संपले. आठव्याला शून्य.

म्हणजे आठव्याला शून्य मिळतं ते त्याने शून्य काम केलं म्हणून नव्हे. त्याच्या शून्यातून वरच्यांची वाढ भागते. त्याला मधल्यांत घ्यायचं, तर त्याचे ४,९०० रुपये उरलेल्या सातांमधून कुणाच्या तरी ताटातून काढावे लागतील. कुणाच्या ताटातून, हे ठरवायला कंपनीने ज्या व्यक्तीला बसवलं, ती गेली सहा वर्षं या आठांतल्या पाचांबरोबर एकाच टेबलावर डबा खात होती.

आता ती मीटिंग. तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. एका डिलिव्हरी मॅनेजरच्या हाताखालचे आम्ही सहा लीड एका बंद खोलीत, समोर पडद्यावर सगळ्यांची नावं. सिद्धान्त असा, की तुमची टीम खरंच चांगली असेल तर तुम्ही तुमचा 'खालचा एक' दुसऱ्या टीमकडे सरकवू शकता, फक्त सहा टीमची बेरीज जुळली पाहिजे. प्रत्यक्षात तो बाजार असतो, आणि बाजारात जुन्या दुकानदाराची पत चालते. एका लीडकडे नोटीस पिरियडवर असलेला माणूस होता. त्याने निवांतपणे त्याला खाली टाकलं. जाणाऱ्याचं रेटिंग जाणाऱ्याबरोबर जातं. फेब्रुवारीत राजीनामा देणारा माणूस लीडसाठी देवाने पाठवलेला असतो. दुसऱ्याकडे बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली मुलगी होती. 'वर्षात काम पाचच महिने झालंय ना,' एवढं वाक्य पुरलं. तिसऱ्याने मागच्या वर्षी कुणावर तरी उपकार केले होते, ते त्याने या वर्षी वसूल केले. माझ्याकडे ना राजीनामा होता, ना रजा, ना जुना उपकार.

मी माझ्या यादीत सर्वांत खालची जागा रिकामी ठेवली होती आणि कारण लिहून दिलं होतं. खोलीत प्रत्येकाच्या नावापुढे वर्षभरात बंद केलेल्या तिकिटांचा आकडा होता. माझ्या टीममध्ये सर्वांत कमी आकडा माझ्या एका मित्राचा. तो प्रॉडक्शन सपोर्टला होता. रात्री चालणारे बॅच जॉब पडले की क्लायंटकडून तिकिटं यायची, महिन्याला चाळीसेक. त्याने तीन महिने खपून जॉब का पडतात ते शोधलं. एक जॉब दुसऱ्याची फाइल पूर्ण लिहून व्हायच्या आत ती वाचायला घ्यायचा. त्याने क्रम बदलला, फाइल पूर्ण झाल्याची खूण तपासूनच पुढचा जॉब सुरू होईल अशी सोय केली. तिकिटं पंधरावर आली. म्हणजे ज्या कामाबद्दल त्याला बक्षीस मिळायला हवं होतं, त्याच कामामुळे त्याच्या नावापुढचा आकडा लहान झाला. तिकिटंच आली नाहीत तर तो बंद कुठली करणार?

हे मी खोलीत सांगितलं, आलेख दाखवून सांगितलं. ऐकून घेतलं गेलं. मग डिलिव्हरी मॅनेजर म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे, पण बेरीज जुळत नाहीये." आणि बेरीज जुळवण्यात आली. सिस्टिममध्ये मी भरलेलं रेटिंग मधलं होतं, ते वरून बदलून सर्वांत खालचं केलं गेलं. त्याला जे पत्र जाणार होतं त्यावर मात्र 'मूल्यमापन करणारी व्यक्ती' म्हणून माझंच नाव होतं.

इथपर्यंतही मी समजून घेईन. माझा खरा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. रेटिंग कळवण्याआधी सगळ्या नव्या लीडना तासाभराचं ट्रेनिंग दिलं जातं, 'अवघड संवाद कसे साधावेत' अशा नावाचं. त्यात तीन सूचना असतात. बेल कर्व्हचा उल्लेख करू नका. वरून बदललं असं म्हणू नका. हा निर्णय तुमचाच आहे असं सांगा. शिवाय सुधारणेसाठी दोन-तीन मुद्दे द्या. आता ज्याच्या कामात खोट नाही, त्याला सुधारणेचे मुद्दे देणार कुठून? तर बनवायचे. 'पुढाकार कमी पडतो', 'दृश्यमानता वाढवायला हवी' असे कुणालाही लागू पडणारे शब्द त्यासाठीच जन्माला आलेत.

यात माझ्याकडून काय मागितलं जात होतं ते बघा. कठोर निर्णय घे, असं कुणी म्हणत नव्हतं, कारण निर्णय माझा नव्हताच. माझ्याकडून फक्त खोटं बोलण्याचं काम हवं होतं, आणि ते माझ्याकडूनच हवं होतं, कारण माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. सहा वर्षांच्या मैत्रीत साठलेला विश्वास कंपनीने एका बैठकीत खर्च करायला काढला. बाहेरून आणलेल्या मॅनेजरकडे ही पुंजी नसते. 'आतल्याच माणसाला बढती देतो' या कौतुकाच्या मागे हाही एक हिशोब असतो.

मी त्याला खरं सांगितलं. आठांत एक खाली हवाच होता, मी तुला मधलं रेटिंग दिलं होतं, ते बदललं गेलं, आणि तुझ्या कामात मला काही कमी दिसत नाही. गोष्टींमध्ये अशा वेळी मित्र खांद्यावर हात ठेवतो. तो म्हणाला, "मग पत्रावर तुझं नाव का आहे?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, आजही नाही, कारण ते माझ्याकडे असायचं कारणच नाही. त्याने जूनमध्ये टीम बदलली. कँटीनमध्ये दिसलो की हसतो. तेवढंच.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मला रात्री तीनला जाग यायची आणि मनात पडद्यावरची ती यादी वर-खाली सरकत राहायची. रविवारी संध्याकाळी छातीत दडपण. हे सगळं कुणाला सांगायचं, असा विचार केला तेव्हा लक्षात आलं, की दारं चार आहेत आणि चारही बंद आहेत.

टीमला सांगता येत नाही, कारण इतरांचं रेटिंग आणि पगार मला माहीत आहेत. अर्धं वाक्य बोलले तरी कुणाचं तरी गुपित फुटतं. वरच्या मॅनेजरला सांगता येत नाही, कारण तेही मला याच बेल कर्व्हवर मोजणार आहेत. तिथे 'ताण येतो' म्हणणं म्हणजे स्वतःहून खालच्या चौकोनात जाऊन बसणं. एचआरला सांगता येत नाही, कारण शीट तिथूनच आली आहे. उरले माझ्यासारखेच बाकीचे लीड. ज्यांना हे सगळं शब्द न सांगता कळेल अशी जगातली तीच माणसं. पण त्यांची आणि माझी पुढची भेट त्याच बंद खोलीत आहे, जिथे त्यांचा माणूस वाचला तर माझा जाणार. ते माझे सहकारी नाहीत, बाजारातले समोरचे दुकानदार आहेत. एकटेपणा असा बांधला जातो, चार भिंतींचा, प्रत्येक भिंतीचं कारण वेगळं. हा स्वभावाचा दोष असता, तर आम्ही सहाही जण एकाच वेळी एकाच रोगाने कसे आजारी पडलो असतो?

हे नवंही नाही. अमेरिकेत गाड्यांच्या कारखान्यांतले फोरमन याच कात्रीत होते: कामगारांतून वर आलेले, मालकाचा हुकूम खाली पोचवणारे, दोन्हीकडून शिव्या खाणारे. फ्रिट्झ रोथलिसबर्गर या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९४५ मध्ये फोरमनवर लेख लिहिला तेव्हा त्याला दुटप्पी बोलण्याचा धनी आणि बळी असं दोन्ही म्हटलं होतं. अवघड संवादाचं ट्रेनिंग तेव्हा नव्हतं, दुटप्पी बोलणं मात्र होतं. त्या फोरमननी काय केलं? मेडिटेशन नव्हे. १९४१ मध्ये डेट्रॉइटमध्ये, फोर्डच्या कारखान्यातून सुरुवात करून, त्यांनी फोरमनांची स्वतःची संघटना काढली. म्हणजे चारांपैकी चौथं दार, एकमेकांकडे उघडणारं, त्यांनी ढकलून उघडलं. १९४७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पॅकार्ड कंपनीच्या खटल्यात त्यांना कामगारांसारखंच संघटनेचं संरक्षण आहे असा निकाल दिला, आणि त्याच वर्षी टाफ्ट-हार्टली कायद्याने ते संरक्षण काढून घेतलं.

योगायोग बघा, आपला औद्योगिक विवाद कायदाही १९४७ चाच. त्यातल्या 'कामगार' शब्दाच्या व्याख्येतून पर्यवेक्षकाचं काम करणारा, ठरावीक रकमेच्या वर वेतन घेणारा माणूस वगळलेला होता. ही रक्कम २०१० मध्ये १,६०० वरून महिना १०,००० झाली. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. पुण्यात या रकमेत पर्यवेक्षक तर सोडाच, धड फ्लॅट भाड्याने मिळत नाही. कोर्ट हुद्द्याचं नाव न बघता प्रत्यक्ष काम बघतं, हे खरं. पण एवढं स्पष्ट आहे, की 'लीड' झाल्यावर तुम्ही कंपनीच्या दृष्टीने व्यवस्थापन होता, कायद्याच्या दृष्टीने कामगारपणाच्या बाहेर ढकलले जाऊ शकता, आणि अधिकार विचाराल तर एका माणसाचं मधलं रेटिंग मधलं ठेवण्याइतकाही नसतो.

यावर एक उत्तर मला नेहमी दिलं जातं, आणि ते अगदीच खोटं नाही. प्रमाण ठरवून दिलं नाही, तर प्रत्येक लीड सगळ्यांनाच वरचं रेटिंग देतो, आणि नवा लीड तर मित्रांना देतोच देतो. मान्य. पण हे म्हणणारे स्वतःच कबूल करतात, की मित्राला मित्राचं मूल्यमापन नीट करता येत नाही. मग ते त्याच्याकडे देता कशाला? न्यायाधीशाच्या ओळखीचा माणूस आरोपी म्हणून समोर आला, तर न्यायाधीश तो खटला सोडतो. तो नालायक आहे म्हणून नव्हे, तर निकालावर कुणाचाच विश्वास बसणार नाही म्हणून. आपल्याकडे उलट. ज्याची ओळख सर्वांत घट्ट, त्यालाच न्यायासनावर बसवायचं, आणि तो मऊ पडेल म्हणून शिक्षा आधीच लिहून ठेवायची.

मला न्यायाधीश व्हायचंच नाही. साक्षीदार व्हायला मी तयार आहे. कुणी काय काम केलं, तिकिटं का कमी झाली, कुणाचा कोड पुन्हापुन्हा तुटतो, हे मी पुराव्यासकट लिहून देईन. मित्राच्या विरोधात जाणारं असलं तरी लिहीन, आणि लिहिलेलं त्याला दाखवीन. निकाल वरच्याने द्यावा, स्वतःच्या नावाने द्यावा, आणि समोर बसून सांगावा. पहिल्यांदा लीड झालेल्याने किमान पहिल्या वर्षी जुन्या बरोबरीच्यांना रेटिंग देऊ नये, एवढा एक नियम केला तर निम्मी जागरणं वाचतील. ते जमत नसेल, तर बढती दुसऱ्या टीममध्ये द्या. तेही जमत नसेल, तर एक-दोन-चार-एक हे आकडे एप्रिलमध्येच भिंतीवर लावा, गणपतीच्या रजेच्या तक्त्यासारखे. लोक चिडतील. पण एका माणसावर न चिडता आकड्यांवर चिडतील, आणि चिडायची जागा तीच आहे.

मी या वर्षी तेच केलं. वर्ष सुरू होतानाच टीमला बसवून प्रमाण सांगितलं, पैशाचा हिशोब काल्पनिक पगार धरून फळ्यावर मांडला, आणि तिकिटांच्या आकड्याबरोबर 'बंद पडलेलं मूळ कारण' अशी एक ओळ प्रत्येकाने महिन्याला लिहायची असं ठरवलं. कुणाचं रेटिंग, कुणाचा पगार, यातलं काही फोडलं नाही. वरून विचारणा झाली. मी म्हटलं, प्रमाण सांगायचं नाही असा नियम लेखी असेल तर दाखवा. अजून कुणी दाखवलेला नाही. कदाचित तो लिहिण्यासारखा नसावा.

तुमच्यापैकी कुणाला येत्या एप्रिलमध्ये केबिनमध्ये बोलावून 'तू आता लीड' असं सांगितलं जाईल. पेढे वाटायच्या आधी तीन गोष्टी विचारा. माझ्या टीममध्ये कुणाला कुठलं रेटिंग, हे शेवटी कोण ठरवतं? ते बदललं गेलं तर पत्रावर कुणाचं नाव जातं? आणि वर्षभराने मला हे काम नको वाटलं, तर पगार न कापता परत इंजिनिअर होता येतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आली, तर ती बढती नाही, सही करायची नोकरी आहे. अशी नोकरी करायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण करून एकटं वाटलं, तर स्वतःत खोट शोधत बसू नका. आधी शीट मागा.